लांबून काढलेल्या फोटोतला फ्लेक्स वाचताना: प्रस्तावना

वीस बाय दहाचा फ्लेक्स चौकात उभा राहिला की रस्त्याच्या या टोकावरूनही डोळ्यात भरतो. तोच फ्लेक्स शंभर मीटरवरून मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने टिपला, तर चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्याच्या वाट्याला जेमतेम १८० पिक्सेल येतात. बाकीचा फोटो आकाश, झाडे, विजेच्या तारा, टपऱ्या आणि उभ्या गाड्यांचा. ही पुस्तिका त्या १८० पिक्सेलांत अडकलेल्या मजकुराबद्दल आहे.

असा मजकूर वाचण्याची गरज कोणाला पडते, हे थोडक्यात सांगतो. गावोगावच्या सप्ताहांची, यात्रांची, निवडणुकांची नोंद ठेवणाऱ्यांना पडते, कारण फ्लेक्स चार दिवसांत उतरतो आणि त्यावरची नावे, तिथी, पदे दुसरीकडे कुठेही छापलेली नसतात. रस्त्यावरची मराठी कशी लिहिली जाते, याचा अभ्यास करणाऱ्यांना पडते. विनापरवाना फलकांची तक्रार करणाऱ्या नागरिकालाही पडते. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे, पण तक्रारीला जोडलेल्या फोटोत फलक कोणाचा आणि परवाना क्रमांक काय हे वाचताच आले नाही, तर कागद पुढे सरकत नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. त्यानंतर फलकांचे फोटो काढणारे हात वाढले. त्यातले पुष्कळसे फोटो लांबून काढलेले असतात आणि वाचता येत नाहीत, म्हणून वाया जातात. वाचता न येण्यामागे बहुतेक वेळा दोनच कारणे असतात. अक्षराला पुरेसे पिक्सेल मिळालेले नसतात किंवा अक्षराचा उजळपणा पार्श्वभूमीच्या उजळपणाशी जुळलेला असतो. ही दोन्ही कारणे एकमेकांना कशी बळ देतात, ते मला इथे उलगडून दाखवायचे आहे.

आधी पिक्सेलांचा हिशेब. तो इतका सोपा आहे की फोटो काढण्याआधी मनातल्या मनात करता येतो. बहुतेक फोनच्या मुख्य लेन्सने काढलेला १२ मेगापिक्सेलचा आडवा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो आणि शंभर मीटरवर त्यात सुमारे १३३ मीटर रुंदीचे दृश्य मावते. म्हणजे एका मीटरला तीस पिक्सेल. अंतर निम्मे केले की पिक्सेल दुप्पट होतात. म्हणून ३००० या आकड्याला मीटरमधल्या अंतराने भागायचे, की फ्लेक्सवरच्या एका मीटरला किती पिक्सेल मिळतील ते कळते. तिप्पट ऑप्टिकल झूमची वेगळी लेन्स असेल आणि तिचाही फोटो तेवढ्याच पिक्सेलांचा असेल, तर उत्तराला तिनाने गुणायचे. बोटांनी स्क्रीन ताणून मिळवलेल्या डिजिटल झूमला या हिशेबात जागा नाही. तो आहे तेच पिक्सेल फुगवतो. काही फोन तर त्या फुगवट्यात स्वतःच्या अंदाजाने रेघा भरतात. तसा फोटो देखणा दिसतो, पण त्यातली काना-मात्रा खरोखर फ्लेक्सवर होती की फोनने घातली हे सांगता येत नाही.

आता एक फ्लेक्स डोळ्यांसमोर घेऊ. नमुन्यादाखल रचलेला आहे, पण अशा धाटणीचा फ्लेक्स कोणत्याही फाट्यावर दिसेल. हिरव्यागार उसाच्या फोटोवर लाल अक्षरांत ‘भव्य कृषी प्रदर्शन’ ही वरची ओळ, अक्षरे साधारण ६० सेंटिमीटर उंच. त्याखाली त्याच लाल रंगात ‘शुक्रवार दि. १९ ते मंगळवार दि. २३ जानेवारी २०२४’, अक्षरे ३० सेंटिमीटर. तळाशी शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग आणि प्रत्येकाखाली १० सेंटिमीटर अक्षरांत नाव. शंभर मीटरवरून मुख्य लेन्सने वरच्या ओळीला १८ पिक्सेल उंची मिळेल, तारखेला ९ आणि नावांना ३. तिप्पट लेन्सने हेच आकडे ५४, २७ आणि ९ होतील.

किती पिक्सेल पुरतात? टेसरॅक्ट हे छापील मजकूर ओळखणारे मोफत सॉफ्टवेअर रोमन लिपीतल्या बुटक्या अक्षरांना वीसेक पिक्सेल उंची मागते, आणि दहाच्या खाली गेले की त्याच्याकडून फारशी आशा धरता येत नाही. देवनागरीला याहून जास्त लागतात. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजायची, वरच्या-खालच्या मात्रा सोडून. ती तीस पिक्सेल असेल तर काम निभावते असा माझा अनुभव आहे. या मापाने आपल्या फ्लेक्सची वरची ओळ तिप्पट लेन्सने सहज वाचता येईल, तारीख काठावर राहील आणि नावे अजिबात नाहीत. नावे हवी असतील तर मुख्य लेन्स घेऊन दहा मीटरवर किंवा तिप्पट लेन्स घेऊन तीस मीटरवर जायलाच हवे. नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी तीन पिक्सेलांतून नाव निघत नाही.

देवनागरीला जास्त पिक्सेल का लागतात, याचे उत्तर शिरोरेषेत आहे. ती जाड असते, सलग असते आणि फोटो कितीही धूसर झाला तरी शेवटपर्यंत टिकते. पण आपल्या काही अक्षरांची ओळखच शिरोरेषेतल्या खंडावर अवलंबून आहे. ‘भ’ची रेघ डावीकडे तुटते आणि तिथे छोटी गाठ येते, ‘म’ची रेघ सलग जाते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ यांचेही तेच. ही फट अक्षराच्या उंचीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी असते. अठरा पिक्सेलांच्या अक्षरात ती जेमतेम तीन पिक्सेलांची होते आणि नऊ पिक्सेलांच्या अक्षरात एकाच पिक्सेलात बुजून जाते. म्हणून ‘भव्य’चे ‘मव्य’ झालेले सर्रास दिसते. तिथे शब्दच आपल्याला सावरतो, कारण ‘मव्य’ असा शब्द नाही. शुभेच्छुकांच्या रांगेत मात्र ‘मोरे’ आणि ‘भोरे’ ही दोन्ही आडनावे खरी असतात आणि तिथे भाषेची जाण उपयोगी पडत नाही. त्याखालोखाल जातात अनुस्वार, रफार आणि ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ. ती गेली की ‘ष’चा ‘प’ होतो. उकार आणि ऋकार खालच्या ओळीच्या मात्रांत मिसळतात. धूसर फोटो वाचायला बसताना मी आधी ही अक्षरे हेरून ठेवतो आणि बाकीच्यांवर नंतर येतो.

आता दुसरे कारण, म्हणजे उजळपणा जुळणे. आपल्या फ्लेक्सवर अक्षरांचा लाल धरा: लाल २००, हिरवा ३०, निळा ३०. उसाचा हिरवा धरा: लाल ३०, हिरवा ११५, निळा ४०. प्रत्यक्ष उभे राहून पाहिले तर लाल अक्षरे हिरव्यावर झगझगीत उठून दिसतात. पण ओळख करणारी बहुतेक सॉफ्टवेअर आधी फोटो कृष्णधवल करतात. त्यासाठीचे नेहमीचे सूत्र असे असते:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

त्यात वरचे आकडे घालून पाहा. लालाचे उत्तर साधारण ८१ येते आणि हिरव्याचेही ८१. कृष्णधवल फोटोत ही अक्षरे उसात विरघळून जातात आणि कॉन्ट्रास्ट कितीही वाढवला तरी परत येत नाहीत, कारण वाढवायला फरकच उरलेला नसतो. तोच फोटो केवळ लाल चॅनेलमध्ये पाहिला तर अक्षरे २०० वर आणि ऊस ३० वर. मजकूर काळ्या पाटीवर खडूने लिहिल्यासारखा समोर येतो.

म्हणून मजकूर दिसत नाही असे म्हणण्याआधी चॅनेल वेगळे करून पाहायचे. जिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये `Colors → Components → Decompose` इथे गेले की फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन कृष्णधवल थर मिळतात. तिथेच `RGB` ऐवजी `LAB` निवडले तर उजळपणाचा एक थर वेगळा होतो आणि रंगांचे दोन. त्यातला `A` हा थर लाल-हिरव्यातला फरक दाखवतो, `B` हा निळा-पिवळ्यातला. भगव्यावर पिवळी अक्षरे हा आपल्याकडचा फार लाडका जोड. भगव्याचे आकडे २५५, १५३, ५१ आणि पिवळ्याचे २५५, २२०, ० धरले तर लाल चॅनेलमध्ये फरक शून्य, कृष्णधवलमध्ये सुमारे ३३ आणि हिरव्या चॅनेलमध्ये ६७. म्हणजे इथे हिरवा चॅनेल घ्यायचा. उन्हात महिनोन्महिने टांगलेल्या फ्लेक्सवरची पिवळी आणि मॅजेंटा शाई आधी उडते आणि सगळे निळसर होते. अशा वेळी तिन्ही चॅनेल एकेक करून पाहण्याला पर्याय नाही.

इथपर्यंत दोन्ही कारणे वेगवेगळी होती. आता ती एकत्र येतात, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट ही आहे. फोनने साठवलेल्या जेपेग फोटोत उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा वेगळा ठेवलेला असतो, पण रंग बहुधा तसा नसतो. दोन बाय दोन अशा चार पिक्सेलांना मिळून एकच रंग दिलेला असतो, कारण माणसाच्या डोळ्याला रंगातले बारकावे कमी कळतात आणि तेवढीच जागा वाचते. परिणाम असा की ज्या अक्षरात आणि पार्श्वभूमीत केवळ रंगाचा फरक आहे, त्याला मिळालेली उंची निम्मी धरावी लागते. आपल्या फ्लेक्सवरच्या तारखेला तिप्पट लेन्सने २७ पिक्सेल मिळाले होते. ती हिरव्यावर लाल असल्यामुळे कामाचे तेरा-चौदाच उरले. उजळपणा जुळलेला असेल तर अंतर निम्मे करा, असा सरळ नियम यातून निघतो. फोनमध्ये रॉ फोटोची सोय असेल तर ती वापरावी, त्यात रंगाची ही काटछाट होत नाही. अर्थात सेन्सरवरही लाल रंग टिपणारे पिक्सेल चारांत एकच असतात, तेव्हा रॉमुळे सगळे भरून येईल असे नाही. आणि व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो तर आकारानेही लहान होऊन येतो. फोटो मागवायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. फ्लेक्सचे डिझाइन करणाऱ्या मुलांना लाल-हिरव्याची ही अडचण आपल्याइतकीच माहीत असते, म्हणून ती अक्षरांना पांढरी किनार देतात. ही किनार उजळपणात वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलचा फायदा तिला मिळतो. दोन सेंटिमीटरची किनार तिप्पट लेन्सने शंभर मीटरवर जवळजवळ दोन पिक्सेलांची होते आणि कृष्णधवलमध्ये अक्षर पोकळ, नुसत्या बाह्यरेषेचे असे दिसते. डोळ्याला ते वाचता येते, सॉफ्टवेअरला येत नाही. ते एका कान्याच्या जागी दोन रेघा पाहते. तेव्हा आतली पोकळी हाताने भरून द्यावी लागते. हे कंटाळवाणे काम आहे, पण एका ओळीला पाच-सात मिनिटे पुरतात.

गजबजलेल्या पार्श्वभूमीतला खरा शत्रू फ्लेक्समागचे झाड नव्हे, फ्लेक्सपुढची तार आहे. झाड कडेने कापून टाकता येते. तार मजकुरावरून जाते आणि आडवी असली की ती हुबेहूब दुसऱ्या शिरोरेषेसारखी दिसते. फोटो काढतानाच तिची व्यवस्था करता येते. तार तुमच्यापासून वीस मीटरवर आणि फ्लेक्स शंभर मीटरवर असेल, तर तुम्ही जितके हलाल त्याच्या चौपट तार फ्लेक्सवरून सरकते. मात्र आडव्या तारेसाठी डावी-उजवीकडे पावले टाकून उपयोग नाही. ती स्वतःच्या रेषेतच सरकेल. फोन आधी डोक्यावर धरून आणि मग गुडघ्याशी नेऊन असे दोन फोटो काढायचे. सव्वा-दीड मीटरच्या या फरकाने तार पाच-सहा मीटर खाली-वर जाते, म्हणजे तीन मीटर उंचीच्या फ्लेक्सबाहेरच पडते. एवढा फरक जमला नाही तर दोन्ही फोटो जिंपमध्ये एकावर एक ठेवून वरच्या थराला `Lighten only` द्यायचे. काळी तार ज्या फोटोत जिथे नाही, तिथला उजळ भाग वर येतो.

फोटो वाचण्याआधी फ्लेक्स सरळही करावा लागतो. चार कोपरे पकडून आयत करण्याची सोय सगळीकडे असते, पण फ्लेक्स हा पत्र्याचा फलक नाही. तो वाऱ्याने फुगतो आणि दोन आयलेटच्या मध्ये झोळीसारखा लोंबतो, त्यामुळे चार कोपरे जुळूनही मधल्या ओळी वाकड्याच राहतात. इथे शिरोरेषा कामाला येते. ती मुळात सरळ होती हे आपल्याला माहीत असते, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी कापून तिची शिरोरेषा सरळ होईल इतकी ओढायची. संपूर्ण फलक एकदम सरळ करण्यापेक्षा ओळ-ओळ सरळ करणे केव्हाही अचूक. फोटो अंधुक प्रकाशातला, दाणेदार असेल तर त्याच जागेवरून काढलेले आठ-दहा फोटो जुळवून त्यांची सरासरी घेता येते. दहा फोटोंत दाणेदारपणा सुमारे एकतृतीयांशावर येतो. ही जुळणीही ओळीनिहायच करायची, कारण दोन फोटोंच्या मध्ये फ्लेक्स हललेला असतो.

संध्याकाळच्या फोटोत आणखी एक सापळा असतो. सूर्य फ्लेक्सच्या मागे गेला की कापडातून उजेड येतो आणि मागच्या बांबूंच्या, पाइपांच्या सावल्या पुढे उमटतात. उभा बांबू कान्यासारखा वाचला जातो. ‘दर’चे ‘दार’ होते. सावली ओळखण्याची खूण अशी की ती ओळ संपली तरी थांबत नाही, वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळींतून जाते. ऊन पाठीशी घेऊन सकाळी काढलेल्या फोटोत हा त्रास नसतो, आणि डांबरी रस्त्यावरून उठणारी दुपारची वाफही तेव्हा अक्षरे थरथरवत नाही.

एवढे करून हाती आलेली ओळ मग टेसरॅक्टला द्यायची. पूर्ण फोटो कधीच द्यायचा नाही. एक ओळ, पांढऱ्यावर काळी, अक्षरांची उंची चाळीस पिक्सेलांच्या आसपास आणून:

```
tesseract ol2.png stdout -l mar --psm 7
```

शेवटचा ७ म्हणजे चित्रात मजकुराची एकच ओळ आहे अशी सूचना. ही सूचना न देता फोटो दिला तर सॉफ्टवेअर उसाच्या पानांतही अक्षरे शोधत बसते. आलेल्या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा, हे आपल्या तारखेच्या ओळीवर पाहू. समजा उत्तर आले ‘शुक्रवार दि. ११ ते मंगळवार दि. २३ जानेवारी २०२४’. देवनागरी १ आणि ९ धूसर फोटोत एकमेकांची सोंगे घेतात, कारण दोघांच्याही डोक्यावर गाठ आणि खाली शेपूट असते. इथे पंचांग साक्षीला येते. जानेवारी २०२४ मध्ये शुक्रवार ५, १२, १९ आणि २६ तारखेला होते. ११ ला गुरुवार होता, म्हणजे ११ शक्य नाही. १२ असू शकते, पण २ चा आकडा खाली डावीकडून उजवीकडे झेपावतो आणि फोटोत तशी रेघ नाही. २३ ला मंगळवारच होता, तेव्हा शेवटची तारीख जुळते. म्हणून १९. हा निष्कर्ष फोटोतून अर्धा आणि कॅलेंडरातून अर्धा आला आहे आणि नोंदीत तसेच लिहायला हवे.

‘मोरे’ की ‘भोरे’ याला मात्र असा साक्षीदार नाही. तिथे मी शिलालेख वाचणाऱ्यांची शिस्त पाळतो: संशयित अक्षर चौकटी कंसात, [मो]रे असे, आणि समासात दुसरी शक्यता. दोन वाचकांनी एकमेकांचे न पाहता ओळ उतरवावी आणि मग ताडून पाहावी. गावातल्या कोणाला विचारून नाव कळले तर तेही लिहावे, पण ते फोटोतून वाचले असे लिहू नये. तक्रारीच्या कामात हा भेद फार जपावा लागतो, कारण चुकीच्या वाचनाने भलत्याच माणसाच्या दारात नोटीस जाऊ शकते.

पुढच्या प्रकरणांत याच पायऱ्या एकेका फोटोवर सविस्तर करून दाखवल्या आहेत. प्रत्येक फोटोखाली फ्लेक्सपासूनचे अंदाजे अंतर, लेन्स, अक्षरांची पिक्सेलमधली उंची आणि ज्या चॅनेलमध्ये मजकूर वाचला तो चॅनेल दिला आहे. जे फोटो वाचता आले नाहीत, तेही याच माहितीसह शेवटच्या प्रकरणात ठेवले आहेत. त्यातल्या बहुतेकांत अक्षरांची उंची दहा पिक्सेलांच्या खाली आहे.